घरच्या चिंचेची किंमत

(पटांगण. बाकं ओळीने मांडली जात आहेत.)

जिल्हा परिषदेच्या या शाळेत आज बाल आनंद मेळावा आहे. वडापाव, इडली, घरच्या शेतातली मेथी, हरभऱ्याचे घाटे असा सगळा बाजार मांडला जातोय. आपण थांबणार आहोत या भेळेच्या टेबलापाशी. सातवीतल्या पाच जणांचं हे दुकान खरं तर दोन दिवस आधीच, वर्गात सुरू झालं.

(वर्ग. वहीचं पान जवळून.)

नफा-तोट्याची गणितं या मुलांनी सहावीतच सोडवली आहेत. पण पुस्तकातल्या उदाहरणात खरेदी किंमत दिलेली असते. इथे ती कुणीच देणार नव्हतं, मुलांना स्वतःच शोधायची होती. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: चुरमुरे दीड किलो, 120 रुपये. फरसाण दीड किलो, 330. कागदी द्रोण, 50. एकूण 500. साठ प्लेट करायच्या, दहा रुपयांना एक. विक्री 600, नफा 100. मुलं खूश!

बाईंनी एवढंच विचारलं, "कांदा कुठाय?"

"बाई, तो घरचा आहे."

"चिंच?"

"आजीनं दिलीय."

या पानावर आता एक उभी रेघ ओढली जाते, ती नीट पाहा. रेघेच्या एका बाजूला विकत आणलेलं, दुसऱ्या बाजूला घरून आणलेलं. कांदे दोन किलो. हेच बाजारात विकले असते तर? साठ रुपये. टोमॅटो 30, कोथिंबीर 10, चिंच 50, गूळ 30, मिरची आणि मीठ मिळून 10. बेरीज 190. कांदा पिकवायला आईबाबा राबले, चिंच फोडून, मीठ लावून आजीने बरणीत भरली. वहीत त्यासमोर शून्य लिहिलं की ते सगळे कष्टही शून्यच ठरतात. अनेकदा मेळाव्यांत नेमका हाच रकाना नसतो आणि मुलं नफा झाला असं समजून घरी जातात.

आता खर्च झाला 690. साठ प्लेटवर वाटला, तर एका प्लेटला साडेअकरा रुपये. म्हणजे दहा रुपयांना विकली, तर सगळी भेळ संपूनही नव्वद रुपये तोटा.

(फळा. मुलं आपसांत बोलताहेत.)

मग भाव ठरवायचा कसा? बारा रुपये ठेवले तर सुट्ट्यांची पंचाईत. वीस ठेवले तर परवडणार नाही, कारण मेळाव्याला येणाऱ्या बहुतेक मुलांच्या खिशात वीस-तीस रुपयेच असतात आणि त्यांना दोन-तीन ठिकाणी खायचं असतं. ठरलं पंधरा. लगेच पुढचा हिशोब: 690 भागिले 15, बरोबर 46. शेहेचाळीस प्लेट विकल्या की घातलेले पैसे निघाले, सत्तेचाळिसावीपासून नफा. हा आकडा खडूने पाटीवर लिहून टेबलामागे ठेवलाय.

(मेळावा. भेळ कालवणारे हात.)

या मुलीचा हात पाहा. प्लेटमागे एक वाटी चुरमुरे असं ठरलं होतं, पण गर्दी झाली आणि वाटी बाजूला राहिली. आता मुठीने भरणं चाललंय. मैत्रीण आली की मूठ मोठी होते. फरसाणाची पिशवी अर्ध्यावर आली, विकलेल्या प्लेट मात्र बावीसच, हे पहिल्यांदा लक्षात आलं दर द्रोणामागे वहीत एक रेघ मारत बसलेल्या मुलाच्या. वाटी परत आली. तरी साठच्या चोपन्नच प्लेट झाल्या.

चव्वेचाळीस पंधराने गेल्या. मेळावा संपत आला, गिऱ्हाईक पांगलं आणि टेबलावर वाद सुरू झाला. दहाला द्यायची का? "साडेअकराची भेळ दहाला म्हणजे तोटाच ना!" असं एकाचं म्हणणं. पण चिरलेला कांदा, टोमॅटो उद्यापर्यंत राहणार नाही. त्याचे पैसे तर कधीच खर्च झालेत, आता येतील ते दहा रुपयेही गल्ल्यात भरच घालतील. फरसाणाची न फोडलेली पाकिटं उरली असती, तर गोष्ट वेगळी होती, ती दुकानदाराला परत करता आली असती. उरलेल्या दहा प्लेट दहा-दहाला गेल्या.

(डबा उपडा होतो. नोटा, नाणी.)

आठशे साठ! पण त्यातले शंभर सकाळी सुट्ट्यांसाठी ठेवलेले, ते आधी बाजूला. राहिले 760. त्यातून खर्च 690. नफा 70 रुपये, शेकडा दहाच्या थोडा वर. सहा प्लेट मुठीत गेल्या नसत्या, तर त्या दहाने विकूनही आणखी साठ मिळाले असते. पाच जणांची मजुरी आणि चटणी शिजवायचा गॅस यात अजून धरलेलाच नाही.

सत्तर रुपये वर्गाच्या डब्यात जमा झाले. पुढच्या मेळाव्यात सगळ्या दुकानांच्या वह्यांवर ती उभी रेघ आधीच आखून मिळणार आहे.