आधी टाकी पाहा, मग बर्नर

नमस्कार श्रोतेहो. साखर पेठेतल्या माझ्या मावशीने उन्हाळ्यात माळा आवरला, तेव्हा एक पितळी पंपाचा स्टोव्ह खाली आला. तिचा मुलगा म्हणाला, "आई, हा कुठला जुना? बर्नर बघ कसा चकचकतोय. मोडीत घालू." मावशी म्हणाली, "अरे, तुझ्या आजीने यावर हुलग्याची आमटी रटरटवलीय!"

मी टाकीला चिंच आणि मीठ लावलं, हलक्या हाताने चोळलं. दुकानात नेऊन यंत्रावर पॉलिश करू नका हो, ठसे पुसून जातात. झळाळीपायी मी चांगल्या समया बिघडलेल्या पाहिल्यात. काजळी निघाली आणि पाटीवर अक्षरं उमटली: कारखान्याचं नाव अर्धं झिजलेलं, खाली 'बॉम्बे 2', शेजारी 'दोन पिंट'.

आता ऐका, यावरून साल कसं ओळखायचं. सहा आकडी पिन कोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. पाटीवर पिन कोड असेल, तर वस्तू त्यानंतरचीच, हे पक्कं. नुसता 'बॉम्बे 2' असा जुना टपाल विभागाचा आकडा असेल, तर बहुधा त्याआधीची. बहुधाच म्हणतो, कारण कारखाने उरलेल्या जुन्या पाट्या लावत राहतात. पण इथे पिंटही होतं. दशमान मापांचा कायदा 1956 चा, आणि पुढच्या काही वर्षांत पिंट जाऊन लिटर आलं. दोन्ही खुणा एकाच बाजूला झुकल्या: स्टोव्ह साठच्या आसपासचा किंवा त्याआधीचा.

मग बर्नर नवा कसा? मावशीला आठवलं. पिन मारून मारून निपलचं भोक मोठं झालं होतं, ज्योत पिवळी यायची, भांडी काळी व्हायची. म्हणून मामांनी बर्नर बदलला. आधीचा फर्रर्र आवाजाचा, वर चकती असलेला. हा बिनआवाजी, जाळीदार टोपीचा. दोन्ही प्रकार वर्षानुवर्षं बरोबरीने विकले जात, त्यामुळे बर्नरच्या प्रकारावरून साल ठरत नाही. पुन्हा सांगतो: बर्नर बदलतो, टाकी बदलत नाही. स्वीडनच्या प्रायमसवर तर 1911 पासून 'ए'ने सुरू होणारी वर्षाची अक्षरं ठोकलेली असत, तीही टाकीवरच.

कुकरचंही तसंच. शिट्टी, रबर, सेफ्टी व्हॉल्व्ह, सगळं बदललेलं असतं. पाणी आटलं की व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळतो आणि नवा बसवावा लागतो. म्हणून व्हॉल्व्ह नव्हे, भांड्याचा तळ वाचा. हॉकिन्स कंपनी निघाली 1959 मध्ये. तिचा ठसा असलेला कुकर त्याआधीचा असूच शकत नाही, घरातलं कुणी काहीही सांगो.

मावशीचा स्टोव्ह आता देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. पंपाचा वायसर वाळून कडक झालाय, टाकीचा सांधा कधीचा झाळलेला कोण जाणे, म्हणून तो पेटवायचा नाही. मुलानेच तळाला चिठ्ठी चिकटवलीय: 'टाकी साठच्या आसपासची, बर्नर मामांचा.'