सात पट्ट्या, दोन षड्ज

पेटीवर पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत ओळीने पांढऱ्या पट्ट्या वाजवूया. ही सी मेजर. आता पट्ट्या त्याच, पण सुरुवात पांढरी सहापासून आणि शेवटही वरच्या पांढरी सहावर. एकही काळी पट्टी लागली नाही, तरी रंग पार बदलला. ही ए मायनर, नॅचरल मायनर.

सूर तेच, मग बदललं काय? षड्ज. सा हलला की बाकी सगळ्या सुरांचं त्याच्याशी असलेलं अंतर हलतं. मेजरमध्ये सगळे स्वर शुद्ध असतात. नॅचरल मायनरमध्ये गंधार, धैवत आणि निषाद कोमल होतात. या तिघांत कानाला आधी जाणवतो तो गंधार. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून मोजलं, तर साच्या वर चौथी पट्टी म्हणजे शुद्ध गंधार आणि तिसरी म्हणजे कोमल.

म्हणूनच गाण्याची स्केल काढताना नुसते सूर गोळा करून भागत नाही. समजा, एका गाण्यात सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या सापडल्या. घाईत आपण म्हणतो, सी मेजर. पण ते ए मायनरही असू शकतं.

अशा वेळी कडवं संपून ध्रुवपद येतं तिथे कान द्या. ओळ पुरी झाल्यासारखी वाटते, तो सूर गुणगुणा आणि पेटीवर शोधा. आपल्या गाण्यात तो पांढरी सहावर मिळाला. आता ही पट्टी दाबून ठेवा आणि गाणं पुन्हा लावा. ओळीच्या शेवटी सूर तिच्यात विरघळला, तर सा सापडला. इथे एक चूक नेहमी होते: साऐवजी पंचम धरला जातो, कारण तोही गोड मिसळतो. पण पंचमावर ओळ संपवून पाहा, ती अधांतरी राहते. शंका आलीच तर बेस गिटार कुठे येऊन थांबते ते ऐका. माझा तरी गायकापेक्षा तिच्यावर जास्त भरवसा आहे.

सा मिळाला, आता गंधार. पांढरी सहाच्या वरची तिसरी पट्टी, म्हणजे पांढरी एक, गाण्यासोबत वाजवा. बसते. चौथी, म्हणजे काळी एक, वाजवा. खुपते. गाणं ए मायनरमध्ये आहे.

एवढं झाल्यावरही मध्येच काळी चार ऐकू आली, तर निर्णय बदलू नका. मायनरमधली गाणी ओळ संपवताना पुष्कळदा निषाद शुद्ध करतात, कारण तो साच्या अगदी शेजारी येतो आणि त्याची ओढ वाढते. काळी चार वाजवून क्षणभर थांबा. ती पांढरी सहाकडेच खेचत असते.