लिनेझोलिड: जंतूंवरचा घाव आपल्यावरही का पडतो

आज एकाच औषधाबद्दल बोलायचं ठरवलं आहे आणि तेही एकाच रुग्णाच्या आधाराने. ही रुग्ण खरी नाही, अनेकींवरून बेतलेली आहे. चौतीस वर्षांची बाई, वजन अठ्ठेचाळीस किलो. फुफ्फुसाचा क्षय आहे, पण साधा नाही. रिफॅम्पिसिनला दाद देत नाही आणि फ्लुओरोक्विनोलोन गटातल्या औषधांनाही नाही. दोन वर्षांपासून ती नैराश्यासाठी एसिटालोप्रॅमची दहा मिलिग्रॅमची गोळी रोज घेते. मध्यंतरी एकदा गोळी बंद केली होती, तेव्हा आजार जोराने उलटला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिला बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड या तीन औषधांचा २६ आठवड्यांचा उपचार द्यायचा ठरतो. लिनेझोलिड रोज ६०० मिलिग्रॅम. हे औषध २००० साली बाजारात आलं, ते मुख्यतः मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस आणि व्हँकोमायसिनला न जुमानणारा एन्टरोकोकस यांच्यासाठी. तिथे ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, सहसा दहा ते चौदा दिवस, आणि परवानगी आहे ती जास्तीत जास्त २८ दिवसांची. क्षयात तेच औषध सहा महिने चालतं. सगळी गुंतागुंत या फरकातून सुरू होते.

जंतूला जगण्यासाठी सतत प्रथिनं बनवावी लागतात आणि ती बनतात रायबोझोमवर. लिनेझोलिड त्या रायबोझोमच्या मोठ्या भागातल्या एका खाचेत जाऊन बसतं, म्हणजे प्रथिनाची साखळी जिथे जोडली जाते नेमक्या त्याच जागी. जोडणी बंद पडते आणि जंतूची वाढ थांबते. आपल्या पेशींमधले रायबोझोम वेगळ्या घडणीचे असल्याने त्यांना हे औषध शिवत नाही. इथवर सगळं छान आहे.

पण आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया आहेत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक. हे मायटोकॉन्ड्रिया फार प्राचीन काळी पेशीत वस्तीला आलेल्या जीवाणूंचे वंशज आहेत. त्यांचे स्वतःचे रायबोझोम असतात आणि ते जीवाणूंच्या रायबोझोमशी बरंच साम्य राखून आहेत. या रायबोझोमवर फक्त तेरा प्रथिनं बनतात, पण ती सगळी ऊर्जा निर्माण करणाऱ्या यंत्रणेतली आहेत. लिनेझोलिड त्यांचीही जोडणी अडवतं. म्हणजे औषध ज्या कृतीने जंतू रोखतं, त्याच कृतीने आपलं नुकसान करतं. म्हणून याला ॲलर्जीसारखं समजू नका. ॲलर्जी कुणाला होते, कुणाला होत नाही. इथे मात्र मात्रा आणि काळ पुरेसा असला, की थोडंफार नुकसान बहुतेकांना होतं. फरक एवढाच की आधीपासून असलेली प्रथिनं काही काळ काम चालवून नेतात. जुनी झिजत जातात, नवी येत नाहीत. त्यामुळे दहा दिवसांच्या उपचारात ज्याचा पत्ताही लागत नाही, ते सहा महिन्यांत उघड्यावर येतं.

पहिली हाक रक्ताकडून येते. अस्थिमज्जेतल्या पेशी अखंड विभागत असतात, त्यांना प्रत्येक नव्या पेशीसाठी नवे मायटोकॉन्ड्रिया लागतात. गंमत अशी की पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतातच, त्यामुळे रक्तात फिरणाऱ्या तांबड्या पेशींवर या कृतीचा थेट परिणाम होत नाही. फटका बसतो तो मज्जेतल्या त्यांच्या पूर्वपेशींना, कारण हिमोग्लोबिनमधला हीम हा भाग तयार करण्याच्या काही पायऱ्या मायटोकॉन्ड्रियातच होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं. प्लेटलेट आठ-दहा दिवसच जगतात, म्हणून त्यांची घट अनेकदा आधी दिसते, बहुधा दोन आठवडे उलटल्यावर. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे लवकर आणि जास्त होतं.

आपल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन सुरुवातीला ११.२ होतं. दोन आठवड्यांनी १०.७. चौथ्या आठवड्यात ९.६. यावर कुणी लोहाच्या गोळ्या लिहून देईल आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणेल, तर तो दुखणं ओळखत नाही असं मी स्पष्ट म्हणेन. लोहाची कमतरता असेल तर ती वेगळी तपासावी, पण चार आठवड्यांत एवढी उतरण आणि त्याच काळात हे औषध, म्हणजे संशय आधी औषधावर. सहाव्या आठवड्यात आकडा ८.२ आला. सुरुवातीच्या मानाने पंचवीस टक्क्यांहून अधिक घट किंवा आठच्या खाली आकडा, या खुणेला लिनेझोलिड थांबवण्याचा विचार करायचा असतो. तिचं लिनेझोलिड थांबवलं, बाकीची दोन औषधं चालू ठेवली. मज्जा नुसती दबलेली असते, नष्ट झालेली नसते, म्हणून औषध थांबलं की ती सावरते. तिचं हिमोग्लोबिन वर चढू लागल्यावर लिनेझोलिड पुन्हा सुरू केलं. पहिल्या महिनाभरात दर आठवड्याला आणि नंतर किमान दर महिन्याला रक्त तपासायचं ते याचसाठी. उतरण लवकर दिसली तर हातात पर्याय असतात.

नसांचं तसं नाही. कमरेच्या मणक्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा मज्जातंतू सुमारे मीटरभर लांब असतो. त्याच्या टोकाला लागणारी ऊर्जा तिथल्याच मायटोकॉन्ड्रियातून येते, आणि नवे मायटोकॉन्ड्रिया मुळाकडून सरकत सरकत तिथवर पोचावे लागतात. पुरवठा आटला की सगळ्यात लांबचं टोक आधी कोरडं पडतं. म्हणून तक्रार नेहमी बोटांपासून सुरू होते, दोन्ही पायांत सारखी, आणि हळूहळू मोजा चढवावा तशी वर सरकते. मज्जातंतू विभागत नाहीत, त्यामुळे नुकसान दिसायला दोन-तीन महिने लागतात. मात्र दिसल्यावर ते भरून यायलाही फार वेळ लागतो, आणि काही जणांत ते पूर्ण भरून येत नाही. रक्ताचं आणि नसांचं नुकसान एकाच कारणातून, पण निकाल इतका वेगळा!

मात्रेचा यात मोठा वाटा आहे. निक्स-टीबी नावाच्या चाचणीत याच तीन औषधांबरोबर लिनेझोलिड रोज १२०० मिलिग्रॅम दिलं होतं. तिथे ८१ टक्के रुग्णांना नसांचा त्रास झाला. पुढे झेनिक्स चाचणीत मात्रा आणि काळ बदलून पाहिले. २६ आठवडे ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला आणि ९१ टक्के रुग्णांचा उपचार यशस्वी ठरला. आजची ६०० ची मात्रा तिथून आली. तरीही चौघांतल्या एकाला त्रास होतो, हे प्रमाण काही थोडं नाही. दुसरी बाजू औषधाच्या रक्तातल्या पातळीची. पुढची गोळी घेण्याआधीची, म्हणजे दिवसातली सर्वांत खालची पातळी प्रत्येक लिटरमध्ये दोन मिलिग्रॅमच्या वर राहिली, तर लांबच्या उपचारात मायटोकॉन्ड्रियाला सावरायला उसंत मिळत नाही. दिवसातून एकदाच गोळी देण्यामागे हेही एक कारण आहे.

सतराव्या आठवड्यात तिने सांगितलं की पायाच्या बोटांत मुंग्या येतात, चप्पल सुटली तरी कळत नाही. खरं तर हे तिने सांगण्याची वाट पाहायची नसते. दर महिन्याला विचारायचं, घोट्याजवळची प्रतिक्षिप्त क्रिया पाहायची, कंप देणारा चिमटा अंगठ्यावर टेकवायचा. डोळ्यांचंही तसंच. दृष्टीच्या नसेला ऊर्जा फार लागते, म्हणून अक्षरांचा तक्ता आणि रंग ओळखण्याच्या चकत्या दर महिन्याला दाखवायच्या. लाल-हिरव्यात गोंधळ झाला तर औषध त्याच दिवशी थांबवायचं. डोळ्यांचं हे नुकसान वेळेत थांबवलं तर बहुधा परतवता येतं. तिची दृष्टी ठीक होती. सतरा आठवड्यांत लिनेझोलिडचं बरंचसं काम झालेलं होतं, थुंकीचे कल्चर निगेटिव्ह येत होते, म्हणून मात्रा ३०० वर आणली. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र इतक्या सहज मात्रा कमी करू नये, कारण तेव्हा जंतूंची संख्या मोठी असते.

आता एसिटालोप्रॅमकडे येऊ. लिनेझोलिड ज्या रासायनिक कुळातलं आहे, त्याच कुळातलं टोलोक्सॅटोन हे नैराश्यावरचं औषध आहे. ते मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम अडवतं. लिनेझोलिडमध्येही तो गुण सौम्य स्वरूपात उतरलेला आहे. हे एन्झाइम सिरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाची विल्हेवाट लावतं. एसिटालोप्रॅमसारखी औषधं सिरोटोनिन परत शोषलं जाऊ देत नाहीत. दोन्ही वाटा एकदम अडल्या की सिरोटोनिन साचतं. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये याबद्दल इशारा दिला. त्याचा गाभा असा: नैराश्यावरचं औषध आधी थांबवा, दोन आठवडे जाऊ द्या, फ्लुओक्सेटिन असेल तर पाच, आणि लिनेझोलिडच्या शेवटच्या गोळीनंतर चोवीस तासांनी ते परत सुरू करा. तातडीचं असेल तर थांबवून लगेच लिनेझोलिड द्या, पण लक्ष ठेवा.

दहा दिवसांच्या उपचाराला हा नियम बसतो. सहा महिन्यांच्या उपचारात तो पाळायचा, तर या बाईला अर्धं वर्ष नैराश्यावरच्या औषधाशिवाय ठेवायचं, आणि तिचा आजार गोळी बंद केल्यावर एकदा उलटलेला आहे. २०२२ मध्ये लिनेझोलिड घेणाऱ्या अकराशेहून अधिक वृद्ध रुग्णांचा एक अभ्यास आला. त्यात सिरोटोनिनचा त्रास अर्ध्या टक्क्याहूनही कमी जणांना झाला, आणि नैराश्यावरची औषधं घेणाऱ्यांत तो वाढलेला दिसला नाही. हा अभ्यास छोट्या उपचारांचा होता, हे खरं. तरी माझं मत असं की मनोविकारतज्ज्ञाला सोबत घेऊन, एकच औषध, कमी मात्रेत चालू ठेवणं बऱ्याचदा योग्य ठरतं. तिचं तसंच केलं. शिवाय बेडाक्विलिन आणि एसिटालोप्रॅम दोन्ही हृदयाच्या आलेखातला क्यूटी हा काळ लांबवतात, म्हणून वेळोवेळी ईसीजी काढले.

घरच्यांना काय सांगायचं? पहिल्या काही दिवसांत बेचैनी, घाम, जुलाब, हातापायांची थरथर असं काही एकदम सुरू झालं तर लगेच कळवा. यातलं बरंचसं तापातही होतं. वेगळेपण ओळखायचं ते पायांवरून: पाऊल झटक्याने वर दाबून धरलं की ते आपोआप लयीत हलत राहतं. संसर्गाच्या तापात असं सहसा होत नाही.

आणि खरा धोका बऱ्याचदा तिसऱ्या औषधातून येतो. खोकल्याच्या बाटलीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, दुखण्यावर ट्रामाडॉल दिलं जातं, आणि दोन्ही सिरोटोनिन वाढवतात. क्षयाच्या रुग्णाला खोकला असणारच, म्हणून ही बाटली कुणीही सहज आणून देतं. आपल्या रुग्णाच्या बाबतीतही शेवटी हेच वळण आलं. पायांची जळजळ वाढली तेव्हा नसांच्या दुखण्यावरचं नेहमीचं ड्युलॉक्सेटिन लिहिलं गेलं. तेही सिरोटोनिन वाढवणारंच आहे, ॲमिट्रिप्टिलिनचंही तेच. म्हणजे लिनेझोलिडने केलेल्या त्रासावर लिनेझोलिडशी न पटणारं औषध! औषधांची यादी तपासणाऱ्या फार्मासिस्टने ते अडवलं आणि त्याऐवजी प्रेगाबालिन दिलं गेलं. २६ आठवडे पूर्ण झाले, हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं, कल्चर निगेटिव्ह राहिले. बोटांची बधिरता वर्षभराने कमी झाली होती, पण गेलेली नव्हती.