उन्हाळ्यातलं पोट आणि पुढून लांब कुर्ता

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारी संपता संपता माझ्या शिवणाच्या वर्गात हमखास एकदोघी गरोदर मुली येतात. चौथा महिना लागलेला असतो, जुने कुर्ते छातीत आवळायला लागलेले असतात आणि पुढे अख्खा पुण्याचा उन्हाळा असतो. बरोबर सासूबाई किंवा आई असतेच. ठरलेलं वाक्य येतं, "अगं, दोन साइज मोठे घेऊन टाक, होतील शेवटपर्यंत." इथेच गाडी चुकते, म्हणून आज तेवढ्यावरच बोलणार आहे.

गरोदरपणात अंग वाढतं ते छातीत आणि पोटात, आणि तेही बहुतेक पुढच्या बाजूला. खांदे होते तेवढेच राहतात, पाठही फारशी रुंदावत नाही. एम मापाच्या बाईने एक्सएल कुर्ता घेतला, की गळा खांद्यावरून घसरतो, बाही कोपराकडे उतरते, काखेत कापडाचा बोळा होतो आणि घाम नेमका तिथेच साठतो. एवढं करून आठव्या महिन्यात पोटावर तो ताणलेला असतोच, आणि पुढून वर चढून गुडघे दाखवतो.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे ताणणारं कापड. दुकानात "मॅटर्निटी" म्हणून मिळणारं बरंचसं लायक्रा घातलेलं होजियरी असतं. थंडीत उत्तम. पण ताणणारं कापड अंगाला चिकटून बसतं, मग आत वारा शिरायला जागाच उरत नाही. गरोदरपणात त्वचेकडे रक्त जास्त वाहतं, त्यामुळे त्या बाईला घरातल्या इतरांपेक्षा जास्त उकडतं. ती नखरे करत नसते. म्हणून माझं म्हणणं असं, की उन्हाळ्यात वाढीची सोय लायक्राकडून न मागता बेतण्यातून करून घ्यावी. वर सैल सुती कापड, आणि ताण फक्त कमरेच्या पट्टीपुरता.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीचा कुर्ता आम्ही बेतला, त्याची मापं सांगते. छाती 38, तारीख जुलैची. अंगाची तयार छाती 42 ठेवली, खांदा मात्र तिच्या मूळ मापाचाच. योक, म्हणजे खांद्यापासूनचा वरचा तुकडा, छातीच्या बरोबर खाली संपवला. तो वर राहिला तर छातीवर चढतो, खाली गेला तर पोटावर येऊन बसतो, म्हणून हे माप आरशासमोर उभं राहून घ्यायचं आणि छाती अजून भरणार हे धरून पुढच्या योकला इंचभर जास्त द्यायचा. योकखालचा पुढचा भाग कापडाच्या पूर्ण 44 इंच पन्ह्याचा घेतला आणि त्याच्या चुण्या मधल्या भागात गोळा केल्या. बाजूंना चुण्या घातल्या की बाई उगाच रुंद दिसते, आणि पोट काही बाजूला वाढत नाही. मागचा भाग साधा, थोडा घेरदार.

आता मुख्य गोष्ट. पुढचा भाग मध्यावर अडीच इंच लांब कापायचा आणि तो जास्तीचा भाग बाजूच्या शिवणीपर्यंत उतरत शून्यावर आणायचा. पोट वाढतं तसं पुढचं कापड ते वर ओढून घेतं. चौथ्या महिन्यात कुर्ता पुढून जरा लोंबतो, मास्तर विचारतात, "ताई, चुकलं का?" नाही चुकलं. आठव्या महिन्यात घेर सरळ रेषेत येतो. बाजूच्या शिवणींत दोन्हीकडे इंच इंच माया सोडायला सांगा, आणि काखेत जुन्या सदऱ्याला असायचा तसा चौबगला, म्हणजे चौकोनी तुकडा, लावून घ्या. हात वर केला की अख्खा कुर्ता वर येत नाही आणि काख मोकळी राहते. असा कुर्ता तीन मीटरमध्ये बसतो.

कापड मलमल किंवा केंब्रिक. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या, म्हणजे आटायचं ते आटतं आणि खळही निघते. खळ असताना सुती कापडसुद्धा पाणी शोषत नाही. लक्ष्मी रोडवर किंवा रविवार पेठेत "प्युअर कॉटन" म्हणून काहीही पुढे करतात, तेव्हा काठाचा एक धागा मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळा. जळक्या कागदाचा वास आणि चुरा होणारी मऊ राख आली तर ठीक. वितळून टणक मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे. रेयॉनही कागदासारखंच जळतं, मग धागा ओला करून ओढा. रेयॉनचा ओला धागा चटकन तुटतो. रेयॉन वाईट नाही, थंड लागतं. पण घामाने भिजलं की जड होऊन अंगाला चिकटतं.

खालच्या कपड्याचा प्रश्न वेगळा. सलवारीची नाडी पोटाच्या मधोमध बांधली तर काचते. पोटावरून छातीपर्यंत येणारा होजियरीचा पट्टा आधार देतो, पण एप्रिलमध्ये त्याखाली घामोळं येतं. म्हणून पट्टा पोटाच्या खाली बसणारा हवा, पुढून खोलगट, मागून उंच. त्यात 95 टक्के कॉटन आणि 5 टक्के लायक्रा पुरतं. दुकानातच दहा सेंटिमीटर पट्टा पंधरापर्यंत ताणा आणि सोडा. तो परत दहावर आला नाही, तर दोन महिन्यांत सलवार घसरणार. आत मुलांच्या चड्ड्यांना लावतात ते काजांचं इलॅस्टिक घातलं, की दर पंधरा दिवसांनी एकेक काज सैल करता येतं. रात्री कपडे बदलल्यावर कमरेवरचा वळ अर्ध्या तासाने तसाच दिसला, तर काज सैल करायची वेळ झाली.

मात्र शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात, तळपाय खाजायला लागले, विशेषतः रात्री, तर कपड्याला दोष देत बसू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

डोहाळजेवणाचं विचारलंच जातं. मे महिन्यात सातवा लागला, की हिरवी रेशमी साडी, अस्तराचा ब्लाउज, वर फुलांचे दागिने, आणि हॉलमध्ये पंखे उखाण्यांच्या आवाजात हरवलेले. हिरव्या रंगाला कुणाची ना नाही, पण तो सुती साडीतही मिळतो. ब्लाउजचं अस्तर काढून टाका, बगलेची शिवण उसवून माया सोडवा, आणि परकराच्या नाडीऐवजी वर सांगितलेला पट्टा लावा. निऱ्या पोटाखाली खोचल्या तर बसता उठताना सुटत नाहीत.

जूनमध्ये हिशेब थोडा बदलतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत घाम उडून जातो, म्हणून सुती कापड थंड वाटतं. पाऊस सुरू झाला की हवेतच ओल असते, घाम उडत नाही आणि जाड केंब्रिक दोरीवर दोन दोन दिवस ओलं राहतं. तेव्हा जुलैची तारीख असेल तर दोन कुर्ते केंब्रिकचे आणि दोन मलमलीचे करा. मलमल पंख्याखाली रात्रीतून वाळते. अंगातून दिसते म्हणून आत पॉलिएस्टरची स्लिप घातली, तर मात्र सगळं मुसळ केरात. स्लिपही मलमलीचीच, बिनबाह्यांची.

आणि पहिल्यांदा माप द्यायला जाल तेव्हाच मास्तरांना सांगा, की गळ्यापासून योकच्या शिवणीपर्यंत पुढे बटणपट्टी हवी. बाळंतपणानंतर पोट लगेच उतरत नाही, हाच कुर्ता पुढचे काही महिने अंगावर राहणार आहे आणि बाळाला पाजायला पट्टी लागणार आहे. धातूची चेन नको, गादीवर कूस बदलताना टोचते. बटणं चपटी घ्या, एका हाताने सुटतील एवढी मोठी. नमस्कार.