सोमवारची सोंड, बुधवारची बुडी

नमस्कार श्रोतेहो. घरी तीन-चार वर्षांचं मूल असेल तर त्याला जवळ बोलवा आणि जागा मोकळी करून उभे राहा. आज वारांचं एक कृतिगीत शिकायचं आहे. ते मी माझ्या अंगणवाडीतल्या मुलांसाठी रचलं.

रचावं लागलं, त्याचं कारण चार वर्षांची एक मुलगी. सोमवारमंगळवारबुधवार असं एका दमात रविवारपर्यंत म्हणून दाखवायची. एकदा मी विचारलं, "बुधवारनंतर कोणता गं?" ती गप्प झाली. मग पुटपुटत सोमवारपासून सुरू केलं आणि गुरुवार आला तरी न थांबता थेट रविवारला जाऊन पोचली. तिच्यासाठी तो सात वारांचा एकच लांबलचक शब्द होता. त्याचे तुकडे करायचे, तर प्रत्येक वाराला स्वतःचं काहीतरी हवं. म्हणून वाराचं पहिलं अक्षर धरलं आणि त्याच अक्षराची हालचाल शोधली. ऐका.

सोमवार आला, सोंड हलवू, डुल डुल डुल!
मंगळवार आला, मान वळवू, इकडे तिकडे!
बुधवार आला, बुडी मारू, बुडुक बुडुक!
गुरुवार आला, गुडघे थोपटू, थप थप थप!
शुक्रवार आला, शू शू करू, शू… शू… शू…
शनिवार आला, शंख फुंकू, भूं भूं भूं!
रविवार आला, रवी घुसळू, घुसळ घुसळ!
वार झाले मोजून सात, पुन्हा सोमवार, धरू या हात!

आता कृती सांगते. सोंडेसाठी उजवा हात नाकापाशी लावून खाली सोडायचा आणि झुलवायचा. मान सावकाश वळवायची, हिसका द्यायचा नाही. बुडी मारताना नाक धरून उकिडवं बसायचं आणि लगेच उठायचं. उठल्यावर किंचित वाकून दोन्ही हातांनी गुडघे थोपटायचे. शुक्रवारी ओठांवर बोट आणि आवाज अगदी बारीक. शनिवारी तोंडापुढे दोन्ही मुठी धरून मोठ्ठ्यानं शंख. रविवारी दोन्ही तळवे जोडून ताक घुसळल्यासारखे एकमेकांवर फिरवायचे. रवी न पाहिलेली मुलं आता बरीच असतात. मी घरची लाकडी रवी आणून पातेल्यात फिरवून दाखवली, तेव्हापासून रविवार कुणी विसरत नाही. शेवटच्या ओळीला सगळ्यांनी हात धरून गोल करायचा, आणि त्याच गोलात पुन्हा सोमवारची सोंड. आठवडा संपून परत सुरू होतो हे त्यातून मुलांना दिसतं.

शुक्रवार आणि शनिवार, दोघांनाही 'श'च. मुलं नेमकी इथेच गोंधळतात. म्हणून एकाला कुजबुज दिली आणि दुसऱ्याला गलका. गुरुवारला मी आधी गिरकी ठेवली होती. 'ग' जुळत होता, पण मुलांना चक्कर यायची, दोघं-तिघं एकमेकांवर पडायची आणि शुक्रवार कुणाला आठवायचाच नाही. गिरकी काढली, गुडघे आणले.

सातही वार एकदम शिकवू नका. पहिले तीन-चार दिवस बुधवारपर्यंतच म्हणा. मुलं तुमच्याआधी नाक धरायला लागली की पुढचे दोन वार जोडा आणि ते जमले की उरलेले दोन. चाल संथ ठेवा. मूल बुडीतून उठेपर्यंत तुम्ही शनिवारला पोचलात, तर ते पुढे नुसतं हात हलवत राहतं. रोज दोनदा म्हटलं तरी पुरे.

गाणं बसलं की तोंड मिटून फक्त कृती करा. तुम्ही गुडघे थोपटले आणि मुलानं "गुरुवार" म्हटलं, तर वार सुटा झाला. मग मधूनच, बुधवारपासून, सुरू करून पाहा. त्या मुलीला महिनाभरानं मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिनं नाक धरलं, खाली बसली, उठली, हात आपोआप गुडघ्यांवर गेले आणि मग शब्द आला, "गुरुवार!"

तीन वर्षांचं मूल नुसत्या उड्या मारेल आणि वार म्हणणार नाही. म्हणू दे न म्हणू दे, त्याला गोलात ठेवा. काल आणि उद्या यांची अदलाबदल तर पाच वर्षांचीही मुलं करतात. ते या गाण्यानं सुटत नाही, त्यासाठी वार दिवसाला चिकटवावा लागतो. आमच्याकडे गुरुवारी आठवड्याचा बाजार भरतो. त्या दिवशी सकाळी आम्ही अख्खं गाणं म्हणत नाही, फक्त गुडघे थोपटतो आणि बाजारातून कोण काय आणणार ते बोलतो. तुमच्या गावचा बाजार मंगळवारी असेल तर त्या दिवशी मान वळवा.

रविवारी अंगणवाडीला सुट्टी, म्हणून त्याची उजळणी शनिवारी. शंख फुंकून झाला की दारात चपला घालताना मी विचारते, "उद्या काय?" आणि एकेक जण तळवे जोडून रवी फिरवत घराकडे निघतो.