डबा कुठला, दर कुठला

तेलाचे डबे एकावर एक रचलेले, पत्र्याला हात लावला की बोटं चिकट होतात. हे होलसेल किराणा दुकानाचं गोडाऊन आहे आणि दाराजवळच्या टेबलावर जे लांबट पान उघडं दिसतंय ना, ते १५ किलोच्या सोयाबीन तेलाच्या डब्याचं स्टॉक लेजर. तीन मोठे रकाने आहेत, आवक, जावक, शिल्लक, आणि प्रत्येकाच्या पोटात नग, दर, रक्कम. आकडे आपण हिशोबाला सोपे घेतलेत पण पद्धत हीच, पर्पेच्युअल फिफो. म्हणजे महिनाअखेरीची वाट न बघता प्रत्येक विक्रीला तिथल्या तिथे खरेदी दर लावायचा, आणि लावायचा तो सगळ्यात जुन्या लॉटचा.

१ तारखेला शिल्लक २० डबे, दर १,८००. ५ तारखेला ३० डबे आले. बिलात दर १,८४० आहे, पण टेम्पोभाडं आणि हमाली मिळून ६०० रुपये गेले, डब्यामागे २०, म्हणून लेजरला दर चढतो १,८६०. जीएसटी यात धरत नाहीत कारण त्याचं क्रेडिट दुकानाला मिळतं. आता शिल्लकीच्या रकान्यात बघा, ५० डबे अशी एक ओळ नाहीये, दोन आहेत, २० नग १,८०० ने आणि खाली ३० नग १,८६० ने. हिशोब बघणाऱ्या ताई इथे फार कडक असतात, लॉट एकत्र केला की फिफो तिथेच संपला असं त्या म्हणतात आणि ते खरंच आहे, कारण पुढच्या विक्रीला कुठला दर आधी जाणार हे या दोन ओळींवरूनच कळतं.

८ तारखेला ३५ डबे गेले. आधी जुना लॉट पूर्ण रिकामा करायचा, २० गुणिले १,८०० म्हणजे ३६,०००, मग उरलेले १५ नव्यातून, १५ गुणिले १,८६० म्हणजे २७,९००. जावकीत दोन ओळी, बेरीज ६३,९००. ही झाली त्या दिवशी विकलेल्या मालाची किंमत. हे डबे २,००० ने विकले असतील तर विक्री ७०,००० आणि ढोबळ नफा ६,१००, त्याच संध्याकाळी हातात. पण विक्रीचा २,००० हा दर या पानावर कुठेच येत नाही, इथे फक्त खरेदीचा दर चालतो. नवीन मुलं बरेचदा दोन दरांची सरासरी काढतात, १,८३० गुणिले ३५, उत्तर येतं ६४,०५०. फरक १५० रुपयांचाच, पण चूकच, कारण दोन्ही दरांचे डबे सारखे गेलेले नाहीत.

आणि हो, पोऱ्याने टेम्पोत नेमका कुठला डबा चढवला याच्याशी याचा संबंध नाही, त्याने पुढचा नवा डबा उचलला तरी लेजरमध्ये जुनाच दर जातो.

१२ तारखेला २५ डबे आले, सगळा खर्च धरून १,९२० ने. शिल्लक परत दोन ओळी, १५ नग १,८६० ने, २५ नग १,९२० ने. १८ तारखेला २० विकले, १५ जुने म्हणजे २७,९०० आणि ५ नवे म्हणजे ९,६००, एकूण ३७,५००. महिन्याची विकलेल्या मालाची किंमत ६३,९०० अधिक ३७,५००, म्हणजे १,०१,४००. हा आकडा ताई उलट्या बाजूनेही तपासतात, सुरुवातीचा साठा ३६,०००, खरेदी ५५,८०० आणि ४८,०००, मिळून १,३९,८००, त्यातून शेवटी उरलेले २० डबे १,९२० ने म्हणजे ३८,४०० वजा केले की १,०१,४०० च. फिफोत रोजचा हिशोब आणि महिनाअखेरचा हिशोब जुळतो, कारण कधीही मोजा, मागे राहतो तो शेवटी आलेलाच माल. सरासरी पद्धतीत दर खरेदीला सरासरी हलते, त्यामुळे तिथे दोन्ही उत्तरं सहसा वेगळी येतात.

पण एक गोष्ट हे सगळं बिघडवते, उशिरा आलेलं बिल. समजा ५ तारखेचा माल गोडाऊनमध्ये उतरला, पण बिल आलं २० ला आणि एंट्रीही तेव्हाच झाली. मग ८ च्या विक्रीला पानावर २०च डबे होते आणि गेले ३५, शिल्लक वजा १५. त्या १५ डब्यांना दरच नाही. कुणी शेवटचा माहीत असलेला १,८०० लावला तर किंमत ९०० ने कमी पडते आणि नफा तेवढाच फुगतो, १२ तारखेच्या लॉटमधून ओढले तर १,९२० लागून ९०० ने जास्त. म्हणून शिल्लकीचे नग कुठल्याही तारखेला वजा दिसले की थांबायचं. बिल ५ तारखेलाच, त्याच्या जागी घालायचं आणि तिथून खालची प्रत्येक जावक परत काढायची, ८ ची, मग १८ ची. ताईंच्या पानावर आत्ता तेच चाललंय, लाल पेनाने दोन ओळी खोडल्यात आणि वर नवे दर लिहिलेत.