दिल्लीच्या धुरक्यातली एक खोली

नोव्हेंबरची सकाळ, साडेसहा वाजलेत, मयूर विहार. समोर बिल्डिंग आहे बरं का, पण दिसतेय नुसती तिची रेघ. हे धुकं नाही, धुरकं आहे, घशात खवखवतं. आणि खाली पार्कात बघा, माकडटोप्या घालून लोक फिरायला निघालेत, दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळी.

असं का, तर थंडीत रात्री जमीन गार होते, तिला लागून असलेली हवाही गार पडते आणि तिच्यावर गरम हवेचा थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा. मग गाड्यांचा धूर, रस्त्यावरची धूळ, शेकोट्या, पंजाब-हरयाणात जाळलेल्या भाताच्या पेंढ्याचा धूर, सगळं खालीच कोंडून राहतं. उन्हाने जमीन तापली की हे झाकण सुटतं, म्हणून दुपारी दोन ते चार हवा त्यातल्या त्यात बरी असते. या घरातल्या आजी मूळच्या साताऱ्याच्या, पहाटे फिरायची जन्माची सवय, आता तीन वाजता निघतात. खिडक्याही तेव्हाच अर्धा तास उघडतात.

आता ही आतली खोली. रस्त्यापासून लांब, स्वयंपाकघरापासून लांब, खिडकी एकच. अख्खं घर स्वच्छ ठेवणं परवडत नाही, म्हणून रात्री सगळे इथेच झोपतात. हा हात बघा, खिडकीच्या कडेने पेटलेली उदबत्ती हळूहळू फिरवतोय, इथे धूर एकदम आत वळला, म्हणजे फट इथेच आहे, तिथे फोमची पट्टी चिकटवली. दाराखाली जुना टॉवेल. तपासणी झाली की उदबत्ती बाहेर, झाडूही बंद, फक्त ओला पोछा.

प्युरिफायर घेताना खोली मोजली. बारा बाय दहा फूट, उंची दहा, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. तासाला पाच वेळा ती गाळायची तर मशीनचा सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते तो आकडा, किमान १७० हवा, यांनी २०० चं घेतलं. हा नवा फिल्टर, पांढरा. हा वापरलेला.

पण खोली जास्त बंद केली की श्वासाने कोंदट होते, सकाळी डोकं जड वाटतं, हा कोंदटपणा प्युरिफायर काढत नाही, म्हणून झोपण्याआधी थोडा वेळ दार उघडतात. आणि अशा खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, फिल्टर तो अडवत नाही, झोपेतच जीव जातो.

भाड्याने घर बघताना ब्रोकर म्हणाला होता, वरचा मजला घ्या, हवा स्वच्छ. पण धुरक्याचा थर शेकडो फूट जाड असतो, आठवा मजलाही त्यातच बुडालेला. यांनी मग मजला नाही, रस्ता किती लांब आणि खिडकी घट्ट बसते का ते बघितलं.

पीएम २.५ चे बारीक कण फुप्फुसातून रक्तात जातात, दमा, हार्ट, सगळ्यावर परिणाम.

तीन वाजले. आजींनी मास्क नाकावर दाबून बसवला, चपला घातल्या.